आरडीची मॅच्युरिटी FV ने काढली, पण पोस्टाच्या आकड्याशी जुळेना

मुक्ता_वाई

नमस्कार मंडळी. पोस्टात महिना ५,००० रुपयांची आरडी सुरू करतेय. पाच वर्षं, म्हणजे ६० हप्ते, व्याज ६.७ टक्के. आमच्या एजंट ताईंनी कागदावर लिहून दिलंय की मुदतीअखेर ३,५६,८३० मिळतील. असे आकडे स्वतः काढून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून शीटमध्ये हे टाकलं:

```
=FV(6.7%/12, 60, -5000)
```

उत्तर आलं ३,५५,१९९. म्हणजे पोस्ट मला १,६३१ रुपये जास्तीचे देतंय. पोस्ट इतकं उदार झालंय यावर माझा विश्वास नाही. फरक कुठून येतोय, कुणी सांगेल का?

बंड्या_नगरकर

सोप्पं आहे. FV मध्ये शेवटी आणखी एक आकडा असतो, तो तुम्ही सोडून दिलाय. तो सोडला की शीट समजते, हप्ता महिन्याच्या शेवटी भरताय. आरडीत खातं उघडतो त्याच दिवशी पहिला हप्ता जातो. म्हणून शेवटी 1 टाकायचा. मधला 0 म्हणजे सुरुवातीची शिल्लक. तो विसरलात तर 1 भलत्याच जागी जाऊन बसेल.

```
=FV(6.7%/12, 60, -5000, 0, 1)
```

झालं काम.

मुक्ता_वाई

करून बघितलं. आता ३,५७,१८२ येतंय. मघाशी कमी होतं, आता ३५२ रुपये जास्त!

बंड्या_नगरकर

मग राउंडिंग असेल हो. सरकारी काम.

मुक्ता_वाई

साडेतीनशे रुपयांचं राउंडिंग?

गणितवाली_मॅडम

मी आयसीएसईच्या दहावीला शिकवते, तिथे आरडीवर आख्खा धडा आहे. त्यातलं सूत्र असं: हप्ता गुणिले n(n+1)/2 गुणिले महिन्याचा दर, n म्हणजे एकूण हप्ते. तुमच्या आकड्यांवर लावलं तर व्याज येतं ५१,०८७.५०, म्हणजे एकूण ३,५१,०८७.५०. एजंटने लिहिलेलं व्याज ५६,८३० आहे. जवळजवळ पावणेसहा हजारांचा फरक! एकदा पोस्टात जाऊन खात्री करून घ्या, एजंट लोक कधीकधी आकडा फुगवून सांगतात.

जमाखर्च

मॅडम, एजंट ताईंवर अन्याय होतोय. त्यांचा आकडा बरोबर आहे. धड्यातलं सूत्र सरळव्याजाचं आहे. पहिल्या हप्त्याला ६० महिन्यांचं, दुसऱ्याला ५९ महिन्यांचं, अशी बेरीज. परीक्षेला ते ठीक, पण पोस्ट आणि बँका आरडीवर चक्रवाढ देतात. एक वर्षाच्या आरडीत हा फरक फारसा दिसत नाही. पाच वर्षांत तो हजारांत जातो.

मुक्ताताई, बंड्याचं अर्धं बरोबर आहे. शेवटचा 1 हवाच. उरलेले ३५२ रुपये दराच्या जागी लिहिलेल्या `6.7%/12` मुळे वाढलेत.

पोस्टाचा दर ६.७ टक्के आहे, पण व्याज मुद्दलात मिळवलं जातं दर तिमाहीला. तुम्ही बाराने भागलंत की शीट धरून चालते की व्याज दर महिन्याला मुद्दलात पडतंय आणि पुढच्या महिन्यापासून त्यावरही व्याज सुरू होतंय. म्हणजे पोस्ट देतं त्यापेक्षा जरा जास्तच चक्रवाढ तुम्ही स्वतःला देऊन टाकलीत.

हप्ता मासिक आणि व्याज तिमाही, हीच आरडीची खरी गोची आहे. FV ला दोन्हीसाठी एकच ठोका लागतो. म्हणून तीन महिन्यांत मिळून नेमकी एक तिमाहीची वाढ होईल असा महिन्याचा दर काढावा लागतो. तिमाहीचा दर ६.७ भागिले ४, म्हणजे १.६७५ टक्के. एका रुपयाचे तीन महिन्यांनी १.०१६७५ व्हायला हवेत. तर एका महिन्याची वाढ म्हणजे १.०१६७५ चं घनमूळ.

```
=(1+6.7%/4)^(1/3)-1
```

हे येतं ०.५५५२४ टक्के. तुम्ही वापरलेला दर ०.५५८३३ टक्के होता. दिसायला किरकोळ, पण ६० महिन्यांत त्याचेच ३५२ रुपये झाले. आता हा दर FV मध्ये घाला:

```
=FV((1+6.7%/4)^(1/3)-1, 60, -5000, 0, 1)
```

मुक्ता_वाई

३,५६,८२९.१५!! आता एका रुपयाचा फरक. धन्यवाद जमाखर्च.

तो एक रुपया का, हे आता विचारत नाही.

जमाखर्च

हा एक रुपया मात्र खरंच राउंडिंगचा म्हणून सोडून द्या. बंड्या खूश होईल.

बंड्या_नगरकर

मी म्हटलंच होतं.

पण मला एक सांगा, चक्रवाढ तिमाही आहे तर सगळंच तिमाहीत का टाकायचं नाही? घनमूळ बिनमूळ कशाला? तीन हप्ते मिळून १५,०००, वीस तिमाह्या:

```
=FV(6.7%/4, 20, -15000, 0, 1)
```

मुक्ता_वाई

टाकून बघितलं. ३,५८,८०७ येतंय.

जमाखर्च

जास्त येणारच. यात तुम्ही जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे तिन्ही हप्ते १ जानेवारीलाच भरलेत असं शीट धरते. प्रत्यक्षात मार्चचा हप्ता त्या तिमाहीत एकच महिना असतो. शेवटचा 1 काढलात तर ३,५२,८९६ येईल, म्हणजे तिन्ही हप्ते थेट तिमाहीच्या शेवटी. खरी रक्कम या दोघांच्या मध्ये कुठेतरी. कल्पना वाईट नाही, पण अशी उघडी चालत नाही. तिला वापरायची एक रीत आहे, ती नंतर लिहितो. आत्ता बाहेर जायचंय.

प्रभाकर_जोशी_मिरज

नमस्कार. मी निवृत्त आहे, संगणकाची फार माहिती नाही, नातवाने शीट करून दिली. माझी पोस्टातली आरडी ऑगस्ट २०२१ ची, महिना २,००० ची. वरचं सूत्र वापरून १,४२,७३२ आले. पण पोस्टातल्या बाई १,३९,३९३ म्हणतात. तीन हजार तीनशेच्या वर फरक आहे. हप्ता एकदाही चुकवलेला नाही. यात तिमाही-मासिक कुठे आलं?

जमाखर्च

काका, तुमचं सूत्र बरोबर आहे, दर बदला. आरडीला खातं उघडलं त्या दिवशीचा दर शेवटपर्यंत राहतो. ऑगस्ट २०२१ मध्ये पोस्टाच्या आरडीचा दर ५.८ टक्के होता. ६.७ आला १ ऑक्टोबर २०२३ पासून, आणि तो त्यानंतर उघडलेल्या खात्यांना. मधे दर वाढला म्हणून जुन्या खात्याचा वाढत नाही, आणि कमी झाला तर कमीही होत नाही.

```
=FV((1+5.8%/4)^(1/3)-1, 60, -2000, 0, 1)
```

नातवाला हे टाकायला सांगा. १,३९,३९३ येतील, बाई सांगतात तेच.

प्रभाकर_जोशी_मिरज

आले. तंतोतंत. पेपरात दर वाढल्याची बातमी वाचून दोन वर्षं मी त्याच भरवशावर होतो. असो. आभारी आहे.

स्मिता_मडगाव

मी रोज पिग्मी भरते, दिवसाला १००. पिग्मीवाला दुकानावर येतो. वर्षाचे किती होतील हे FV ने निघेल का? मी `=FV(4%/365, 365, -100, 0, 1)` केलं तर ३७,२४० च्या आसपास आलं.

जमाखर्च

स्मिताताई, पिग्मीला हे लावू नका. FV ला दोन गोष्टी हव्यात: हप्ता प्रत्येक वेळी सारखा आणि दोन हप्त्यांमधलं अंतर सारखं. पिग्मीत रविवार जातो, बंदचा दिवस जातो, एखाद्या दिवशी तुम्ही ५० देता, एखाद्या दिवशी २००. शिवाय तुमच्या सूत्रात व्याज दररोज मुद्दलात पडतंय, तसं कुणी देत नाही. संस्थेकडून व्याज कसं मोजतात ते लिहून घ्या. बहुतेक महिन्याच्या शिल्लकेवर असेल. मुदतीआधी मोडली तर काय कापतात, तेही विचारा. पिग्मीत खरा फटका तिथे बसतो.

स्मिता_मडगाव

बरं. विचारते. पण तो म्हणतो एजंटचं कमिशन वेगळं, त्याचं व्याजाशी काही नाही.

गणितवाली_मॅडम

जमाखर्च, तुमचं पटलं, पण FV हा बंद डबा आहे. आत काय चाललंय ते दिसत नाही. पोरांना दाखवायचं तर कसं दाखवू?

जमाखर्च

मॅडम, हे मात्र तुमच्याच धड्याच्या रीतीने करता येतं. ६० ओळी घ्या. प्रत्येक ओळीत एक हप्ता, आणि तो किती महिने पोस्टात राहतो हे शेजारी. पहिला ६० महिने, शेवटचा १ महिना. तुम्ही पोरांना ६०, ५९, ५८ अशीच बेरीज करायला लावता ना, फक्त इथे प्रत्येक ओळीत सरळव्याजाऐवजी वाढीचा घात येतो. A रकान्यात महिने असतील तर B मध्ये:

```
=5000*(1+6.7%/4)^(A2/3)
```

मुक्ताताईंच्या खात्यात पहिल्या हप्त्याच्या ५,००० चे शेवटी ६,९७०.३३ झालेले दिसतील. शेवटच्या हप्त्याचे जेमतेम ५,०२७.७६. ओळी खाली उतरताना आकडा कसा घसरत जातो ते पोरांना डोळ्यांनी दिसतं. B ची बेरीज ३,५६,८२९.१५, FV चं उत्तर तेच.

आणि या तक्त्याचा खरा उपयोग हप्ता चुकला की होतो. FV ला मधला एक हप्ता गाळता येत नाही. तक्त्यात ती ओळ तुमच्या हातात असते. पोस्टात चुकलेला हप्ता नंतर भरताना १०० रुपयांमागे महिना १ रुपया दंड लागतो, म्हणजे ५,००० च्या हप्त्याला ५० रुपये. चार हप्ते चुकले की पाचव्यापासून खातं बंद पडायला लागतं आणि ते सुरू करायला दोनच महिने मिळतात. ही गोष्ट कुठल्याच सूत्रात नाही.

मुक्ता_वाई

मग तारखेचं काय? मी पहिला हप्ता ३ तारखेला भरला आणि पुढचा १४ ला, तर ११ दिवसांचं व्याज जाईल का? मग FV चुकेल.

जमाखर्च

पोस्टात नाही जात. खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलं असेल तर दर महिन्याचा हप्ता १५ पर्यंत कधीही चालतो. १६ नंतर उघडलं असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. त्या मुदतीत भरला की तो वेळेवर भरलेला धरतात. त्यामुळेच पोस्टाच्या आरडीला FV इतका चपखल बसतो.

अनिकेत_पुणे

धागा वाचून मी माझ्या बँकेच्या आरडीवर हे लावून बघितलं. महिना १०,०००, एक वर्ष, ६.५ टक्के, तिमाही चक्रवाढ असं पावतीवर स्पष्ट छापलंय. तुमच्या सूत्राने १,२४,२८६ येतात. पावतीवर १,२४,२८९ आहेत. तीन रुपये जास्त, तक्रार नाहीये! पण राउंडिंग एक रुपयाचं असेल, तीनचं कसं?

(आधी माझं उत्तर #### असं येत होतं. दराच्या घरात 6.5 लिहिलं होतं, टक्क्याचं चिन्ह नव्हतं. शीटने ६५० टक्के धरले, आकडा रकान्यात मावेना. कुणाला #### दिसलं तर आधी टक्क्याचं चिन्ह बघा.)

बंड्या_नगरकर

६५० टक्के देणारी एक योजना आमच्या गावात आली होती. योजना काढणाराही आता रकान्यात मावत नाही, कुठे गेलाय कुणाला ठाऊक नाही.

जमाखर्च

अनिकेत, छान सापडलं तुम्हाला. यातच बंड्याच्या तिमाहीच्या कल्पनेचं उत्तर आहे.

मी दिलेल्या सूत्रात तिमाहीच्या आतसुद्धा वाढ चक्रवाढीनेच धरली आहे, घनमूळ म्हणजे तेच. दुसरी रीत अशी की तिमाही पूर्ण होईपर्यंत साधं सरळव्याज मोजायचं आणि तिमाहीच्या शेवटी ते मुद्दलात टाकायचं. पहिल्या हप्त्याला तीन महिन्यांचं, दुसऱ्याला दोनचं, तिसऱ्याला एकाचं, मिळून सहा महिन्यांचं व्याज. म्हणजे तिमाहीच्या शेवटी तीन हप्ते अधिक एका हप्त्याचं सहा महिन्यांचं व्याज जमा झालेलं असतं. ही रक्कम तिमाहीच्या शेवटी पडते, म्हणून इथे शेवटचा 1 नको.

```
=FV(6.5%/4, 4, -10000*(3+6*6.5%/12))
```

अनिकेत_पुणे

१,२४,२८८.८५. म्हणजे १,२४,२८९. बरोबर पावतीवरचाच आकडा!

म्हणजे बँक ही दुसरी रीत वापरते?

जमाखर्च

तुमची पावती तरी तसंच म्हणते. एका पावतीवरून सगळ्या बँकांबद्दल मी बोलणार नाही. मुक्ताताईंच्या आरडीला हीच रीत लावली तर ३,५६,८३६ येतात, आणि पोस्टाच्या आकड्याला पहिली रीत जास्त जवळ आहे. पाच वर्षांत ७ रुपयांचा प्रश्न आहे. मी तरी एवढंच बघतो: फरक पाच-दहा रुपयांचा असेल तर तिमाहीच्या आतली रीत वेगळी असते, शेकड्यांत असेल तर बाराने भागलेलं असतं, आणि हजारांत असेल तर 1 राहिलेला असतो किंवा दरच चुकीचा असतो. अर्थात हे पाच वर्षांच्या, चार-पाच हजारांच्या हप्त्याचं माप. हप्ता मोठा असेल तर फरकही त्याच पटीत.

गणितवाली_मॅडम

मला पहिली रीतच शुद्ध वाटते. तिमाहीच्या आत सरळव्याज आणि बाहेर चक्रवाढ ही खिचडी आहे.

अनिकेत_पुणे

मॅडम, खिचडीत मला अडीच रुपये जास्त मिळतायत, राहू द्या.

पण यातून टीडीएस वजा कसा दाखवायचा? FV मध्ये दर कमी करून?

जमाखर्च

दराला हात लावू नका. एकूण रकमेतून भरलेले हप्ते वजा करा, ते व्याज. तुमच्या खात्यात ते ४,२८९ आहे. कर त्यावर, तुमच्या स्लॅबप्रमाणे. बँक टीडीएस कापेल की नाही हे त्या बँकेतल्या तुमच्या सगळ्या एफडी-आरडीच्या वर्षभराच्या एकूण व्याजावर ठरतं, एकट्या आरडीवर नाही. कापला नाही म्हणून कर नाही असंही नसतं.

मुक्ता_वाई

शेवटचा प्रश्न. मला पाच वर्षांनी बरोबर ५ लाख हवे आहेत, मुलीच्या ॲडमिशनसाठी. हप्ता किती ठेवू? FV मध्ये हप्ता बदलत बदलत बसले होते, ७,००० ला ४,९९,५६१ आले.

जमाखर्च

त्याला उलटा फॉर्म्युला आहे, PMT. दर तोच, घनमूळवाला.

```
=PMT((1+6.7%/4)^(1/3)-1, 60, 0, -500000, 1)
```

७,००६.१५ येतील. पोस्टात हप्ता १० च्या पटीत लागतो, म्हणून ७,०१०. तेवढ्याने ५ लाखांच्या वर २७४ रुपये जास्त होतात.

मुक्ता_वाई

पाच हजारांवरून सात हजारांवर जायचं म्हणजे घरी बोलावं लागेल. एजंट ताई सोमवारी येणार आहेत, तोवर ठरवते.

बंड्या_नगरकर

मुक्ताताई, ताईंना शीट दाखवा. पुढच्या वेळी त्या कागदावर लिहून देणार नाहीत, तुम्हालाच विचारतील.

प्रभाकर_जोशी_मिरज

माझी आरडी ऑगस्टमध्ये पुरी झाली की पुढे पाच वर्षं वाढवता येते असं ऐकलं. तेव्हा तरी नवा दर मिळेल ना?

जमाखर्च

नाही काका. वाढवली तर जुनाच ५.८ चालू राहतो. काढून घ्या आणि त्या दिवशीचा दर बघून नवीन उघडा. ऑगस्टला दर काय असेल ते आज सांगता येणार नाही, तिमाही संपताना जाहीर होतो.